दुकानातल्या जुन्या माणसाच्या कामाची अर्ध्या पानाची नोंद कशी लिहावी?

कापडपेठेतली_सून

आमचं सांगलीत कापड पेठेत साड्यांचं दुकान आहे. सासरे, चुलत सासरे आणि दीर असे तिघं भागीदार, हिशेब माझ्याकडे. दुकानात कायमची माणसं सहा, लग्नसराईत पाच-सहा मुलं वरकड घेतो. सगळ्यांत जुने म्हणजे मामा. ते २००२ पासून आहेत, पेठेत त्यांना सगळे मामाच म्हणतात.

आजवर पगारवाढ सासरे तोंडी ठरवायचे. कुणी काय केलं हे त्यांना पाठ असायचं. आता गुडघ्यांमुळे ते आठवड्यातून दोनदाच गादीवर बसतात. दिवाळीनंतर पगाराचा विषय निघाला तेव्हा तिघांच्या डोक्यात तीन वेगळे मामा होते. म्हणून ठरलं, की प्रत्येकाच्या वर्षभराच्या कामाबद्दल अर्धं पान लिहायचं, ते त्या माणसाला वाचून दाखवायचं आणि मग पगारावर बोलायचं. सुरुवात मामांपासून. माझा कच्चा मसुदा असा आहे:

"मामा आमच्या दुकानात २००२ पासून कार्यरत आहेत. ते अत्यंत प्रामाणिक, मेहनती व मनमिळाऊ आहेत. २०१९ च्या महापुरात जिवाची पर्वा न करता त्यांनी माल वाचवला. गिऱ्हाइकांशी संबंध उत्तम. कॉम्प्युटरचे ज्ञान कमी आहे. एकूण काम उत्कृष्ट."

वाचून समाधान होत नाही, पण नेमकं काय चुकतंय ते कळत नाही. चुलत सासऱ्यांचं म्हणणं आहे की २००२ हे साल लिहू नको, कारण हजेरीपटावर मामांचं नाव २०११ पासून आहे. जाणकारांनी सांगावं.

---

हळदबाजार

सहा माणसांच्या दुकानात हे कंपन्यांचं खूळ कशाला? पाकीट द्या, पेढे द्या, "मामा, तुम्ही आहात म्हणून दुकान आहे" म्हणा. झालं की काम. आमच्या गुळाच्या अडतीत तोलार तीस वर्षं आहे, एक ओळ कुणी लिहिली नाही.

---

सुलभा_मिरज

किती छान विचार! माझ्याकडे शाळेतल्या शिपायांच्या निरोपाचं मानपत्र आहे, त्यातलं देते. "आपल्या निष्काम सेवेचा सुगंध या वास्तूत सदैव दरवळत राहील..." शाल, श्रीफळ आणि हे चौकटीत लावून द्या. मामांच्या डोळ्यांत पाणी येईल.

---

कापडपेठेतली_सून

सुलभाताई, मामा निवृत्त होत नाहीयेत, अजून बरीच वर्षं आहेत ते. मानपत्र त्या वेळी नक्की घेईन तुमच्याकडून.

हळदबाजार, पाकीट दरवर्षी देतोच. पाकिटात किती घालायचं यावरच तिघांचं जमत नाही. दीर म्हणतात मामा बिलाच्या मशीनजवळ फिरकत नाहीत, चुलत सासरे म्हणतात मामांशिवाय बस्ता होत नाही. दोन्ही खरं आहे.

---

आस्थापना_निवृत्त

मी साखर कारखान्याच्या आस्थापना विभागात होतो. गोपनीय अहवाल लिहिले, त्याहून जास्त वाचले. तुमच्या मसुद्याबद्दल दोन गोष्टी सांगतो.

पहिली. "प्रामाणिक, मेहनती, मनमिळाऊ" यावर बोट ठेवा आणि मामांच्या जागी शेजारच्या दुकानातल्या कुणाचंही नाव घाला. वाक्य तसंच चालतं. जे वाक्य कुणालाही चालतं त्यावर पगार ठरवता येत नाही, आणि मामांनाही त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी मामा नेमकं काय करतात, ते तुम्हाला दिसलंय तसं लिहा. विशेषण आपोआप वाचणाऱ्याच्या मनात येईल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नोंद या वर्षाची आहे ना? मग २०१९ चा पूर त्यात काय करतोय? जुन्या माणसाच्या नोंदीत हमखास हे होतं. एखादा मोठा प्रसंग दरवर्षी पुन्हा लिहिला जातो आणि चालू वर्षाचं काम त्याच्या मागे झाकून जातं. चांगलंही झाकलं जातं, वाईटही. पाच वर्षांपूर्वी हातून मोठी चूक झालेल्या माणसाचे अहवालही मी पाहिलेत. तीच चूक दरवर्षी, नव्या शब्दांत. तो सुधारलाय हे कागदावर कधी आलंच नाही. उपकार आणि काम यांचे कागद वेगळे ठेवा.

आता सांगा, या दिवाळीपासून मागच्या दिवाळीपर्यंत मामांनी काय केलं?

---

कृष्णाकाठ

पुराची ओळ काढायला माझा साफ विरोध. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कापड पेठ, हरभट रोड, मारुती रोड, सगळीकडे दुकानांत पाणी. ज्या माणसाने खालचे गठ्ठे माडीवर चढवले त्याच्या कागदावर ते नाही लिहायचं? उद्या दिरांच्या मुलांना कोण सांगणार?

---

आस्थापना_निवृत्त

लिहायचंच, पण वेगळ्या पत्रावर. आणि त्यावर सासऱ्यांची सही हवी, कारण ते पाहिलेला माणूस तो.

---

कापडपेठेतली_सून

वर्षभराचं आठवायला बसले. बिलांवर विकणाऱ्याचं आद्याक्षर असतं, तेही काढलं. लग्नसराईत ४१ बस्ते झाले, त्यातले २६ मामांचे. म्हणजे निम्म्याहून जास्त. हा आकडा घालते.

---

निशिगंधा

थांबा थांबा. ते २६ बस्ते मामांकडे आले कसे? मी कोल्हापुरात साड्यांच्या दुकानात काउंटरला होते. तिथे गाडीतून आठ माणसं उतरली की मालक हाक मारणार जुन्या माणसाला, आणि एकटी बाई ब्लाउजपीस मागत आली की ती नव्या मुलीला. वर्षअखेरीला जुन्याचा आकडा मोठा दिसणारच. तो आकडा मालकाने कुणाला हाक मारली त्याचा झाला.

---

कापडपेठेतली_सून

बरोबर आहे, आमच्याकडेही असंच होतं. बस्ता आला की गादीवरून हाक "मामा!" शिवाय जुनी घरं मामांचं नाव घेऊनच येतात. मग आकडा अजिबात नको का?

---

आस्थापना_निवृत्त

निशिगंधा यांनी नेमकं पकडलं. विक्रीचा आकडा सोडा. बस्ता बांधून गेल्यावर किती साड्या बदलीला परत आल्या, ते बघा. तिथे माणसाचा हात दिसतो. घाईत गळ्यात मारलेला माल आठ दिवसांत परत येतो.

आणि बस्ता चालू असताना मामांच्या बाजूला अर्धा तास बसा. काय बोलतात, काय आधी उघडतात, ते लिहून घ्या.

---

अजिंक्यतारा_७७

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. साताऱ्यात औषधांच्या दुकानात काउंटरला आहे, बरीच वर्षं झाली. मला कधी कुणी काही लिहून दिलेलं नाही, म्हणून हा धागा वाचतोय.

माझं एक काम सांगतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा, मी एकेक खण काढून मुदत संपत आलेल्या पट्ट्या बाजूला करतो. वेळेत निघाल्या तर घाऊकवाला परत घेतो, नाहीतर दुकानाच्या गळ्यात. यात विक्री नाही, बिल नाही, कुणी बघत नाही. मालकांनी मला "चांगला माणूस आहे" असं चारचौघांत किती वेळा म्हटलंय. पण "तू त्या पट्ट्या काढतोस" असं एकदा म्हणाले असते, तर मला कळलं असतं की त्यांना माहीत आहे.

तुमच्या मामांचं असं कुणाला न दिसणारं काम कोणतं ते शोधा. आणि चारचौघांत वाचू नका. उणं-दुणं असेल ते एकट्याला सांगा.

---

हळदबाजार

अजिंक्यतारा, पटलं तुमचं. आमचा तोलारही काटा रोज सकाळी स्वतः पुसतो आणि वजन लावून बघतो. मी कधी बोललो नाही त्याला.

---

शिवारातला_पोर

जरा विषयाला सोडून. माझी बहीण विट्यात कापड दुकानात होती, आता पुण्याला जायचंय. मालकाकडून अनुभवाचा दाखला हवाय. त्यात काय काय लागतं? हाच मसुदा चालेल का?

---

निशिगंधा

नाही हो, तो वेगळा कागद. दाखल्यात कधीपासून कधीपर्यंत, कोणतं काम, वागणूक चांगली, सही-शिक्का, एवढंच असतं. तिच्यातलं कमी-जास्त दाखल्यात येत नाही. दोन-तीन गिऱ्हाइकांसमोर एका वेळी साड्या दाखवायची असेल तर तेवढं मात्र लिहून घ्या, पुण्यात त्याला किंमत आहे.

---

कापडपेठेतली_सून

काल तासगावकडचा एक बस्ता होता, मामांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर चालतं, पण कान देऊन पहिल्यांदा ऐकलं.

माणसं बसली, पाणी झालं. मामांनी एकही थप्पी उघडली नाही. आधी विचारलं, "नेसायच्या किती आणि द्यायच्या किती?" मुलीची आई म्हणाली द्यायच्या बावीस-तेवीस. मामा म्हणाले, "त्यात हातात द्यायच्या किती आणि नुसत्या ओटीला किती?" तिथे बाईंनी पिशवीतून यादी काढली. पाच मिनिटांत मानपानाच्या साड्यांचे तीन भाव ठरले. मग मामांनी मधल्या भावाची थप्पी आधी उघडली, महागाची नाही. मधली बघून बायका आपण होऊन सांगतात, जावेला जरा वरची, लांबच्यांना हलकी चालेल. द्यायच्या साड्या आधी उरकल्या आणि उरलेला सगळा वेळ शालूला मिळाला. शालूच्या वेळी यादीची कटकट कुणाच्या डोक्यात नव्हती.

बदलीची वही बघितली. मामांच्या बस्त्यांतून वर्षभरात दोनच वेळा माल परत आला, दोन्हींत ब्लाउजपीसच्या रंगाचं कारण. बाकीच्यांच्या पंधरा बस्त्यांत सात वेळा.

आता न दिसणारं काम. माडीवर मागच्या वर्षीच्या सुती साड्या पडून होत्या, घडीवर पिवळी रेघ पडायला लागते त्या बेताच्या. मामा दर महिन्याला त्यांची घडी मोडून उलट बाजूने घालतात, म्हणजे एकाच रेघेवर कापड विरत नाही. त्यातल्या बऱ्याचशा त्यांनी ओटीच्या थप्पीत मिसळून, माल जुना आहे असं सांगून, कमी भावात काढल्या. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

---

आस्थापना_निवृत्त

झाली तुमची नोंद. आता "कॉम्प्युटरचे ज्ञान कमी" या ओळीकडे या. त्यामुळे दुकानात नक्की काय अडलं?

---

कापडपेठेतली_सून

मुलीच्या बाळंतपणासाठी मामा आठ दिवस रजेवर होते. एका गिऱ्हाइकाला गर्द हिरवी, लाल काठांची इरकल हवी होती. आहे हे सगळ्यांना माहीत, कुठे आहे ते फक्त मामांना. माडीवर दोन मुलं तासभर शोधत होती, गिऱ्हाईक गेलं. मामा आल्यावर त्यांनी हात घालून काढली. नव्या मालाला चिकटपट्टी लागते, तो मशीनवर दिसतो. माडीवरचा जुना माल कुठेच लिहिलेला नाही. दुसरं म्हणजे मामा फॉल-पिकोला साडी देताना चिठ्ठी करत नाहीत, लक्षात ठेवतात. त्यांचं चुकत नाही, पण ते नसले की आमचं चुकतं.

---

आस्थापना_निवृत्त

मग उणीव मशीनची नाहीच. माडीवरच्या मालाची यादी नाही, ही उणीव आहे, आणि ती निम्मी मालकांची आहे. मामांना त्यासाठी वेळ कधी दिलात? "ज्ञान कमी" लिहिलंत तर त्यांना शरमेशिवाय हाती काही लागणार नाही. "यादी करायची" लिहिलंत तर काम हाती लागेल. आणि ती मामांनी टंकायची गरज नाही. मामा सांगतील, एखादा मुलगा लिहील.

---

दीर्घसूत्री

यादी झाली की मामांची गरज संपली असं मामांना वाटलं तर? आमच्या नात्यात एका दुकानात हेच झालं. सगळं वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या वर्षी म्हाताऱ्याला अर्धा दिवस केला. तो माणूस हे विसरला नाही.

---

निशिगंधा

दीर्घसूत्री यांची भीती खोटी नाही. म्हणून यादीच्या ओळीलाच लागून मामांचं पुढचं काम लिहा. नव्या मुलांना बस्ता शिकवणं हे मामांचं काम असं कागदावर आलं, तर यादी द्यायला हात आखडणार नाही.

---

कायद्याचं_बोला

कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. असं काही लिहून देऊच नका. पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी प्रत्येकाला लागू. २००२ लिहिलंत की २३ वर्षांची द्यावी लागेल. काका बरोबर सांगतायत.

---

आस्थापना_निवृत्त

अर्धं बरोबर आहे. पाच वर्षांचं खरं, "प्रत्येकाला" हे खरं नाही. दुकानात मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ते लागू होतं. आणि एकदा लागू झालं की नंतर माणसं कमी झाली तरी सुटका नाही. सूनबाई, तुमची कायमची सहा, पण लग्नसराईत पाच-सहा वरकड असतात असं तुम्हीच वर लिहिलंय. ती बेरीज करून बघा.

हिशेब असा. शेवटच्या महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा मूळ पगार १८,००० असेल, तर २३ वर्षांचे सुमारे २ लाख ३९ हजार होतात.

साल लपवून काही साधत नाही. मामा २००२ पासून आहेत हे अख्ख्या पेठेला माहीत आहे, जुन्या दिवाळी बोनसच्या वह्यांत नाव असेल. खोटं साल लिहिलेला कागद मामांच्या हातात देणार आणि वर तोच वाचून दाखवणार? त्यापेक्षा आतापासून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढायला लागा.

---

कायद्याचं_बोला

दहाचं लक्षात नव्हतं, मान्य. पण हंगामी मुलं रोजंदारीवर, त्यातली निम्मी नात्यातली. ती धरायची की नाही यावर वाद होऊ शकतो.

---

कापडपेठेतली_सून

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं. सासऱ्यांना आणि दिरांना दाखवलं, दोघांना पटलं.

"कालावधी: दिवाळी २०२४ ते दिवाळी २०२५. दुकानात कामाला: २००२ पासून.

या वर्षी लग्नाचे बहुतेक बस्ते मामांनी बांधले. थप्पी उघडण्याआधी ते 'नेसायच्या किती, द्यायच्या किती' हे विचारून घेतात आणि मधल्या भावापासून सुरुवात करतात. त्यामुळे मानपानाच्या साड्या लवकर ठरतात आणि शालूला वेळ मिळतो. त्यांच्या बस्त्यांतून वर्षभरात दोनच वेळा माल बदलीला आला.

माडीवरच्या सुती साड्यांच्या घड्या मामा दर महिन्याला बदलतात. त्यातला बराच जुना माल त्यांनी गिऱ्हाइकाला खरं सांगून विकला. हे काम त्यांनी आपण होऊन केलं.

दोन नव्या मुलांपैकी एकाला मामांच्या हाताखाली लहान बस्ता एकट्याने जमू लागला आहे. दुसऱ्याला अजून जमत नाही.

माडीवरचा माल कुठे आहे हे फक्त मामांना माहीत असतं. ते रजेवर असताना गिऱ्हाईक परत गेलं. पाडव्यापर्यंत या मालाची यादी करायची: मामा सांगतील, एक मुलगा लिहील, त्यासाठी दुकान रोज एक तास देईल. फॉल-पिकोला साडी देताना चिठ्ठी करायची.

पाडव्यानंतर नव्या मुलांना बस्ता शिकवण्याची जबाबदारी मामांकडे. पगाराचं वेगळ्या कागदावर."

पुराचं पत्र सासरे स्वतःच्या हाताने लिहिणार आहेत.

---

कृष्णाकाठ

पुराचं पत्र वेगळं होतंय ना, मग माझी हरकत नाही. तरी एक ओळ इथेही चालली असती असं अजून वाटतं.

---

निशिगंधा

"दुसऱ्याला अजून जमत नाही" हे मामांच्या कागदावर का? ते त्या मुलाच्या नोंदीत जायला हवं. मामांच्या कागदावर त्याची नालस्ती नको.

---

आस्थापना_निवृत्त

निशिगंधा, सहमत. ती ओळ काढा. बाकी असंच राहू द्या. खाली दोन-तीन ओळी मोकळ्या सोडा, मामांना काय म्हणायचंय ते तिथे. त्यांनी सांगावं, तुम्ही त्यांच्याच शब्दांत लिहावं.

---

कापडपेठेतली_सून

ती ओळ काढली. आज दुपारी दुकान शांत असताना मामांना वाचून दाखवलं. सासरे होते, दिरांना मुद्दाम बोलावलं नाही. मामांनी घड्यांचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, घडी दर महिन्याला नाही, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी घालतो, ते नीट लिहा. तसं लिहिलं.

मोकळ्या ओळींत त्यांनी सांगितलेलं असं आहे: "यादी करीन, पण दुपारी दोन ते तीन. संध्याकाळी गिऱ्हाईक सोडून माडीवर जाणार नाही. चिठ्ठीचं मान्य. बस्ता शिकवीन, पण मुलं मी निवडणार." सासऱ्यांनी मुलांच्या निवडीवर लगेच होकार दिला नाही, दिरांशी बोलून सांगतो म्हणाले.

---

अजिंक्यतारा_७७

मुलं मामांनाच निवडू द्या. हात कुणाचा चालतो ते काउंटरवरच्याला कळतं. आणि पगाराचा कागद लांबवू नका, वाचून झाल्यावर माणूस त्याचीच वाट बघत असतो.

---

कापडपेठेतली_सून

पगाराचं रविवारी तिघं बसून ठरवणार आहेत. हंगामी मुलांची बेरीज मी केली, एप्रिल-मेमध्ये आम्ही अकरा होतो. चुलत सासरे म्हणतात नात्यातली दोन धरू नकोस. हजेरीपट घेऊन सोमवारी आमच्या करसल्लागारांकडे जाणार आहे, ते काय म्हणतात ते इथे लिहीन.